टोकन टाकण्याआधी चॅसिसवर बोट फिरवा

वाचकाचं पत्र

दादा, मी पारोळा तालुक्यातला. कापसाचे पैसे आले, घरात सहा माणसं, म्हणून सेकंडहॅन्ड एर्टिगा बघतोय. धुळ्यात एक सापडली, सप्टेंबर २०१९ ची, पांढरी, पेट्रोल, पुणे पासिंग. बाकीकडे अशी गाडी साडेसात-आठ लाख सांगतात, हा माणूस सहा लाख दहा हजारात देतोय. म्हणतो मालक माझा मावसभाऊ, तो दुबईला गेला, गाडी तीन महिन्यांपासून धुळ्यात माझ्याकडेच उभी आहे. आरसीचा फोटो पाठवला, मी नंबर mParivahan वर टाकला तर सगळं बरोबर आलं, आरसी अ‍ॅक्टिव्ह, इन्शुरन्स चालू, लोन नाही. आता म्हणतो दुसरं गिऱ्हाईक येतंय, आजच ५१ हजार टोकन टाका, पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून देतो. शालक म्हणतात सोडू नका, बायको म्हणते एवढी स्वस्त का? पैसे टाकू का?

— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर

भाऊ, आज एक रुपयाही टाकू नका. ती गाडी चोरीचीच आहे असं मी म्हणत नाही, इथं बसून ते कुणालाच सांगता येणार नाही, पण तुम्ही ज्या ज्या गोष्टीवर भरवसा ठेवलाय ना, आरसीचा फोटो, अ‍ॅपवरची माहिती, स्टॅम्प पेपर, ते सगळं चोरीच्या गाडीसोबतसुद्धा असंच्या असं मिळतं. वहिनींनी जो प्रश्न विचारला तोच पहिला प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर समोरच्याच्या तोंडून नाही, गाडीच्या लोखंडावरून काढायचं.

आधी हा धंदा कसा चालतो ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. समजा कुणीतरी एक पांढरी एर्टिगा चोरली. तिचा खरा नंबर पोलिसात गेलेला, म्हणून तो नंबर लावून ती विकता येत नाही. मग हे लोक तशीच दुसरी गाडी शोधतात, तेच मॉडेल, तोच रंग, साधारण तेच वर्ष, जिचा मालक दूर कुठंतरी सुखानं ती चालवतोय आणि जिचे कागद एकदम क्लीन आहेत. त्या गाडीचा नंबर उचलायचा, तशी प्लेट बनवायची, तिच्या तपशिलावरून आरसी छापून घ्यायची आणि चोरीच्या गाडीला लावायची. आता एकाच नंबराच्या दोन गाड्या झाल्या, एक पुण्यात खरी आणि एक इकडं खोटी, यालाच क्लोन म्हणतात. तुम्ही अ‍ॅपवर नंबर टाकला तेव्हा अ‍ॅपनं माहिती दाखवली ती त्या नंबराची, म्हणजे कदाचित पुण्यातल्या त्या बिचाऱ्याच्या गाडीची. आरसी अ‍ॅक्टिव्ह असणारच, इन्शुरन्स चालू असणारच, म्हणून तर तो नंबर निवडलेला असतो. समोर उभी असलेली गाडी त्याच नंबराची आहे का, हे अ‍ॅपला माहीतच नसतं.

आणि आपला भाग अशा गाडीला सोयीचा पडतो हे पण लक्षात घ्या. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर दोन्ही रस्ते एकमेकाला कापतात, शिरपूरवरून तासा-दीड तासात गाडी मध्य प्रदेशात, नवापूरवरून गुजरातेत. इथं एमएच १२ ची गाडी दिसली तर कुणी वळूनसुद्धा बघत नाही, आणि पुण्यातला खरा मालक धुळ्याच्या पारोळा चौफुलीवर येऊन आपल्याच नंबराची गाडी बघेल याची शक्यता किती?

मी मोटार इन्शुरन्सचा सर्व्हेअर आहे, अपघात झालेल्या गाड्या तपासणं हेच काम बावीस वर्षं करतोय. काही वर्षांपूर्वी कन्नड घाटाच्या खाली, चाळीसगावच्या अलीकडं एक पांढरी डिझायर ठोकली गेली. गाडी घेणारा दुधाचा धंदा करणारा सरळ माणूस, अकरा महिन्यांपूर्वी चार लाख तीस हजार रोख देऊन घेतलेली, शंभरच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेलं, ट्रान्सफर 'नंतर करू' म्हणून राहिलेलं. सर्व्हे करताना आम्ही चॅसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतो, म्हणजे नंबरवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासायची, अक्षरं कागदावर उमटतात. नुसत्या डोळ्यानं तो नंबर आरसीशी बरोबर जुळत होता, मला पण काही वावगं दिसलं नव्हतं, कार्ड तर इतकं सफाईदार होतं की मीसुद्धा त्याच्यावर शंका घेतली नसती. पण प्रिंट उमटला तेव्हा शेवटचे चार आकडे बाकीच्यांपेक्षा जरा खोल आणि किंचित खाली उतरलेले दिसले, आणि एका ८ च्या पोटात जुन्या ३ ची पुसट रेघ. मग मी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला. बेल्टच्या खालच्या टोकाला कापडी लेबल शिवलेलं असतं, बऱ्याच गाड्यांत त्याच्यावर बेल्ट बनल्याची तारीख असते. आरसीवर गाडी २०१६ ची आणि चारही बेल्टवर २०१९. नंतर कंपनीच्या रेकॉर्डमध्ये बघितलं तर त्याच नंबरावर चार महिन्यांपूर्वी पुण्यात समोरची काच बदलल्याचा क्लेम झालेला, आणि आमची गाडी तर वर्षभर चाळीसगाव सोडून गेलेली नव्हती.

पुढं काय झालं ते सांगतो कारण तुमच्या ५१ हजारांचा त्याच्याशी संबंध आहे. क्लेम गेला, गाडी पोलिसांनी जप्त केली, ज्याची ती चोरीला गेली होती त्या मालकाला चोरीचा क्लेम आधीच मिळालेला म्हणून गाडी त्याच्या विमा कंपनीकडं गेली, आणि या माणसाला चार लाख तीस हजारांपैकी काहीच परत आलं नाही, वर ठाण्यात आणि कोर्टात जबाबासाठी फेऱ्या. कायदा असा आहे की चोराकडं मालकीच नसते, तो तुम्हाला देणार कुठून? १९३० च्या वस्तू विक्री कायद्याचं कलम २७ मूळ तेच सांगतं. तुम्ही पूर्ण पैसे दिले, प्रामाणिकपणे दिले, तरी गाडी तुमची होत नाही.

म्हणून तो नोटरीचा मुद्दा आत्ताच बाजूला ठेवू. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी फक्त एवढं सांगते की अमुक माणसानं अमुक दिवशी माझ्यासमोर सही केली. गाडी कुणाची, चॅसिस खरं की खोटं, हे नोटरी तपासत नाही, ते त्यांचं कामही नाही. बरं, सही करणार कोण? मावसभाऊ म्हणवणारा माणूस. मालक दुबईत असेल तर या माणसाला विकायचा अधिकार कुठून आला, त्यासाठी मालकानं दिलेलं मुखत्यारपत्र हवं, आणि मालक खरा असेल तर व्हिडिओ कॉलवर यायला त्याला पाच मिनिटं लागतील. तो नुसता येऊन 'हो माझीच गाडी' म्हणाला एवढ्यावर पण जाऊ नका, ते कुणीही म्हणेल. त्याच्याकडून काय करून घ्यायचं ते पुढं सांगतो.

आता तुमच्या या गाडीचंच घेऊन चालू. पहिले दोन शोध तुम्ही घरी बसून लावू शकता आणि मला ते सगळ्यात आवडतात, कारण समोरच्याला पत्ताही लागत नाही. तुमच्याकडं आरसीचा फोटो आहे म्हणजे चॅसिसचे शेवटचे आकडे आहेत. puc.parivahan.gov.in वर नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे टाकले की चालू पीयूसीचं सर्टिफिकेट निघतं. त्याच्यावर तारीख असते, सेंटरचं नाव असतं आणि तपासणीच्या वेळी काढलेला गाडीचा फोटो असतो. फोटो लहान आणि अंधुक असतो पण बरंच सांगून जातो. खऱ्या गाडीला मागं कंपनीचं नाव वेगळ्या जागी चिकटवलेलं असेल, डेंट असेल, मागचा वायपर असेल आणि तुमच्या समोरच्या गाडीला नसेल, म्हणजे मॉडेलचा व्हेरियंटच वेगळा. आणि तारीख-ठिकाण बघा. हा म्हणतो तीन महिने गाडी धुळ्यात उभी आहे. पीयूसी समजा मागच्याच महिन्यात पुण्याच्या सेंटरला झाली असेल तर मग ती कोणती गाडी होती?

दुसरा शोध चलानचा. mahatrafficechallan.gov.in वर नंबर आणि चॅसिस किंवा इंजिनचे शेवटचे चार आकडे टाका. कॅमेऱ्यानं पकडलेल्या चलानला जागा, तारीख, वेळ आणि बहुतेकदा फोटो असतो. लोक फक्त दंड किती बाकी आहे तेवढं बघतात आणि बंद करतात. तुम्ही फोटो उघडून गाडी निरखा, आणि जागांचा हिशोब लावा. धुळ्यात उभी असलेल्या गाडीला दहा दिवसांपूर्वी पुण्यात सिग्नल तोडल्याचं चलान लागत नाही. क्लोन झालेल्या बऱ्याच खऱ्या मालकांना तर पहिल्यांदा कळतं तेच असं, की ज्या गावाला आपण कधी गेलोच नाही तिथलं चलान मोबाइलवर येऊन पडतं. चलान एकही नसेल तर मात्र त्यातून काही सिद्ध होत नाही, तेव्हा 'चलान क्लीन' म्हणून खूश होऊ नका.

हे दोन्ही जुळलं तरच धुळ्याला जा, आणि दिवसाउजेडी जा. हायवेवरच्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये संध्याकाळी सात वाजता गाडी दाखवणारा माणूस असेल तर परत या. सोबत तुमच्या ओळखीचा मेस्त्री न्या, त्यानं आणलेला नको.

गाडीजवळ गेल्यावर सगळ्यात आधी बॉनेट नाही, सीट नाही, टायर नाही, चॅसिस नंबर. तो लोखंडात ठोकलेला असतो, कुठल्या मॉडेलला कुठं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, काही गाड्यांना इंजिनमागच्या भिंतीवर, काहींना पुढच्या सीटखाली कार्पेटचा झाकणासारखा तुकडा उचलला की. चिकटवलेल्या किंवा रिव्हेट मारलेल्या पट्टीवर पण नंबर असतो पण पट्टी बदलता येते, म्हणून पट्टीवर थांबू नका, लोखंडातला शोधा. कपड्यानं पुसा, टॉर्च तिरपा धरा, बोट फिरवा. कारखान्यात ठोकलेली अक्षरं एका रेषेत, सारख्या अंतरावर, सारख्या खोलीची असतात. हातानं ठोकलेली एखादं वर एखादं खाली, एखादं जास्त खोल. आजूबाजूला ग्राइंडर फिरवल्याच्या बारीक रेघा, पुट्टी, वेल्डिंगचा सांधा, किंवा सगळीकडं जुना रंग आणि नेमका तेवढाच हातभर भाग ताजा रंगवलेला, असं काहीही दिसलं की पुढं बघायची गरजच नाही. घाण किंवा गंज आहे म्हणून नंबर दिसत नाही असं सांगितलं तर तुम्हीच घासून काढा, आणि तो 'राहू द्या ना भाऊ' म्हणायला लागला तर तेच तुमचं उत्तर.

नंबर पूर्ण १७ अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, एक-शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून. खोटं करणारा घाईत शून्याच्या जागी ओ ठोकून जातो तर कधी सतराचे सोळाच होतात, म्हणून एकेक मोजा. मग मी सांगितला तसा पेन्सिल प्रिंट काढा, मेस्त्रीला येत असेलच, आणि तो कागद आरसीच्या शेजारी ठेवून अक्षर-अक्षर जुळवा. इंजिन नंबर पण इंजिनावरून वाचायचा. आरसीच्या फोटोवरून वाचलेला नंबर म्हणजे समोरच्यानं तुम्हाला दिलेला नंबर, तो तपासून काय मिळणार?

आता हा लोखंडावरचा नंबर घेऊन पोलिसांच्या रेकॉर्डला विचारायचं. digitalpolice.gov.in वर मोबाइल नंबरनं लॉगिन करून वाहनाची चौकशी करता येते, ती गाडी देशात कुठं चोरीला गेल्याची नोंद आहे का ते एनसीआरबी म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या रेकॉर्डवरून दाखवतात. तिथं नंबरप्लेटचा नंबर टाकून काही उपयोग नाही, तो तर क्लीन गाडीचा उधार घेतलेला. चॅसिस आणि इंजिन नंबर टाका, आणि टाका ते लोखंडावरचे. ज्या क्लोनवाल्यानं फक्त प्लेट आणि आरसी बदलली, लोखंडाला हात लावला नाही, तो इथं पकडला जातो. पण याची एक मर्यादा आहे. गाडी परवा चोरीला गेली आणि नोंद अजून वर चढली नाही, किंवा नंबरच खोडून दुसरा ठोकला, तर इथं 'रेकॉर्ड नाही' असंच येणार. म्हणून रेकॉर्ड सापडलं तर गाडी नक्की सोडायची, पण सापडलं नाही म्हणून नक्की घ्यायची असं नाही.

नंबरप्लेटबद्दल थोडं सांगतो कारण तुमची गाडी सप्टेंबर २०१९ ची आहे. १ एप्रिल २०१९ पासून बनलेल्या गाड्यांना शोरूममधूनच एचएसआरपी, ती हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, मिळते, म्हणजे या गाडीला ती मुळातच असायला हवी. वर डाव्या कोपऱ्यात अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, तो प्लेटमध्ये दाबून बसवलेला, नखानं निघणारा स्टिकर नाही. त्याच्या खाली बारीक लेसरनं कोरलेला नंबर, पुढच्या आणि मागच्या प्लेटचा वेगळा. प्लेट स्क्रूनं नाही, एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकनं लावलेली. हे लोक बघतात, पण समोरच्या काचेच्या आतला स्टिकर बघत नाहीत आणि खरा माल तिथं आहे. त्या स्टिकरवर गाडीचा नंबर, दोन्ही प्लेटचे लेसर नंबर, इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर असतो, आणि पेट्रोल-सीएनजीला त्याचा रंग फिक्का निळा, डिझेलला केशरी. काढायला गेलं की तो फाटतो. तेव्हा स्टिकरवरचे लेसर नंबर प्लेटवरच्या नंबरांशी आणि चॅसिस लोखंडावरच्या चॅसिसशी जुळवा. 'काच बदलली तेव्हा गेला' म्हणेल, तसं होऊ शकतं, पण मग काच बदलल्याचं बिल असेल. प्लेट साधी, चौकातून बनवून आणलेली असेल तर जुनी कुठं गेली आणि नवीन एचएसआरपी का नाही मागवली हे विचारा. एचएसआरपी मागवताना चॅसिस आणि इंजिन नंबर रेकॉर्डशी जुळावा लागतो, क्लोनवाल्याला ते टाळायचं असतं.

आता मालकाचं. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात भारी परीक्षा हीच आहे असं माझं मत. वाहन पोर्टलवर मालकी बदलाचा अर्ज सुरू करायला गाडीचा नंबर आणि चॅसिसचे शेवटचे पाच आकडे लागतात आणि ओटीपी जातो तो गाडीच्या रेकॉर्डला जोडलेल्या मोबाइलवर, म्हणजे खऱ्या मालकाच्या. तुम्ही विकणाऱ्याला एवढंच म्हणायचं, भाऊ, टोकन देतो, त्याआधी मालकानं ट्रान्सफरचा अर्ज चालू करावा, ओटीपी त्यांचा त्यांनीच टाकावा, मला सांगू नये, मला फक्त अर्ज नंबर द्यावा. खरा मालक दुबईत असला तरी हे करू शकतो, जुना मोबाइल बंद पडला असेल तर रेकॉर्डला नवीन नंबर लावून घेऊ शकतो. खोट्याला मात्र पुण्यातल्या अनोळखी माणसाच्या मोबाइलवरचा ओटीपी कुठून मिळणार? तसंच आरसीचं. फोटो, स्क्रीनशॉट, झेरॉक्स काही नको, मालकानं व्हिडिओ कॉलवर डिजिलॉकर स्वतः उघडून आरसी दाखवावी, ती त्याच्या आधारच्या नावाशी जुळल्याशिवाय तिथं येत नाही. पैसे द्यायची वेळ आली तर आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात, मावसभावाच्या यूपीआयवर नाही. या एका अटीवर बरेच व्यवहार जागेवर मोडतात.

इथपर्यंत सगळं जुळलं तरी एक प्रकार उरतो आणि तो मी लपवणार नाही, कारण माझ्या धंद्यातून तो जन्माला येतो. अपघातात पूर्ण खलास झालेल्या गाड्या भंगारात विकल्या जातात, आणि आरसी रद्द न करता कागदासकट गेली तर कुणीतरी ते कागद आणि चॅसिसचा तेवढा लोखंडी तुकडा विकत घेतं, तशीच गाडी चोरतं आणि तो तुकडा कापून तिच्यावर वेल्ड करतं. आता नंबर कारखान्याचाच आहे, आरसी खरी आहे, ओटीपीसुद्धा येतो कारण कागद खरोखर विकत घेतलेत. इथं वेल्डिंगचा सांधा आणि गाडीच्या सुट्या भागांच्या तारखा एवढाच आधार. सीटबेल्टचं लेबल मी सांगितलंच. त्याशिवाय प्लॅस्टिकच्या बऱ्याच भागांच्या आतल्या बाजूला घड्याळासारखा छोटा गोल असतो, मधे बाण आणि भोवती महिने, आणि वर्षाचे दोन आकडे, हेडलाइटच्या मागं किंवा डिकीच्या आतल्या कव्हरला सापडतो. हे भाग गाडी बनण्याच्या थोडे आधी बनलेले असायला हवेत. एखादाच भाग नवीन असेल तर तो बदललेला असू शकतो, पण २०१९ ची गाडी आणि बेल्ट, प्लॅस्टिक, काचा सगळं २०२१ चं, तर ती गाडी २०१९ ची नाही.

म्हणून शेवटी गाडी त्याच कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला न्या, धुळ्यात नको वाटलं तर जळगावला. तपासणीचे जे काही हजार-दोन हजार होतील ते द्या. त्यांना दोन गोष्टी करायला सांगा. स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरमधला चॅसिस नंबर वाचा, बऱ्याच नव्या गाड्यांत तो आत साठवलेला असतो आणि लोखंड कापणाऱ्याचा हात तिथपर्यंत सहसा जात नाही. आणि त्या चॅसिसचा सर्व्हिसचा इतिहास सांगा, शेवटची सर्व्हिस कधी, कुठल्या गावात, किती किलोमीटरला. समजा शेवटची सर्व्हिस दोन महिन्यांपूर्वी पुण्यात ७८ हजारांवर झालेली आणि तुमच्या समोरच्या गाडीचं मीटर ५४ हजार दाखवतंय, तर मग बोलायचं काय राहिलं. गाडी मोठ्या अपघातात खलास झालेली असेल तर तो इतिहास पण बऱ्याचदा तिथंच दिसतो. विकणारा खरा असेल तर वर्कशॉपला यायला तो आनंदानं तयार होतो, कारण चांगल्या रिपोर्टवर त्याला उलट भाव चढून मिळतो.

शालकांचं म्हणणं मला कळतं, दीड लाख वाचतात म्हटल्यावर कुणालाही वाटेल. पण हिशोब असा करा, मालकाला खरंच गरज असेल तर जुन्या गाड्यांचा कुठलाही डीलर त्याला आजच्या आज सात लाखांच्या आसपास देईल, कारण डीलरला पुढं आठला विकायची आहे. मग हा माणूस डीलरकडं का गेला नाही? डीलर चॅसिस बघतो, प्रिंट काढतो, आणि हल्ली जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घेऊन गाडी ताब्यात आल्याची नोंद पोर्टलवर करावी लागते. जो माल डीलर घेणार नाही तो सरळ गिऱ्हाइकाला, स्वस्तात, घाईत. दुसरं गिऱ्हाईक येतंय हे वाक्य त्या घाईचाच भाग, तुम्ही तपासायच्या आत पैसे अडकले पाहिजेत. आणि एकदा ५१ हजार गेले की माणूस स्वतःच गाडीच्या बाजूनं बोलायला लागतो, दोष दिसला तरी डोळेझाक करतो. बऱ्याचदा तर गाडीही नसते, टोकन गोळा करून फोन बंद.

बघताना शंका आली तर तिथं वाद घालू नका, चोर म्हणू नका, चॅसिसचा आणि प्लेटचा फोटो तुमच्याकडं आहेच, 'घरी विचारून सांगतो' म्हणून निघा आणि ११२ ला फोन करा किंवा जवळच्या ठाण्यात फोटो दाखवा. हे पत्र वाचणाऱ्या ज्यांचं टोकन आधीच गेलंय त्यांनी लगेच, आजच, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करावी, यूपीआयचे पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. आणि ज्यांनी गाडीच घेतलीय आणि आता नंबर जुळत नाहीये असं कळतंय, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे की ती दुसऱ्याला खपवू नका. माहीत नसताना घेतली तोपर्यंत तुम्ही फसलेले आहात, माहीत झाल्यावर ठेवली किंवा विकली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागू शकतं, चोरीचा माल बाळगल्याचं. वकिलाला सोबत घेऊन स्वतःहून ठाण्यात जा, पैसे कुणाला दिले त्याचे मेसेज, बँकेच्या नोंदी, स्टॅम्प पेपर सगळं घेऊन.

भाऊ, तुम्ही आज रात्री त्याला एवढाच मेसेज टाका: 'गाडी पसंत आहे. उद्या दिवसा चॅसिस नंबरचा लोखंडावरचा व्हिडिओ पाठवा, नंबरप्लेटपासून सुरू करून मधे न थांबवता चॅसिसपर्यंत. मालकांना ट्रान्सफरचा अर्ज चालू करायला सांगा. शनिवारी वर्कशॉपला दाखवू, खर्च माझा, ठीक निघाली की पैसे मालकांच्या खात्यात.' काय उत्तर येतं ते मला कळवा, आणि व्हिडिओ आला तर तोही पाठवा, मी बघतो.